शुगर ४५ झाली तरी काही जाणवत नाही, ती लक्षणं परत येतात का?

प्रश्न: माझे मिस्टर ४० वर्षांचे आहेत, २१ वर्षांपासून टाइप १ डायबेटिस. रात्री ग्लार्जिन आणि तिन्ही जेवणांआधी रॅपिड इन्सुलिन घेतात. अंबड एमआयडीसीत शिफ्टची नोकरी आहे. पूर्वी शुगर कमी झाली की घाम फुटायचा, हात थरथरायचे, स्वतःच साखर मागायचे. आता मीटरवर ४५ दिसतं आणि हे म्हणतात "मला काही होत नाहीये". गेल्या महिन्यात एकदा पहाटे हलवून हलवून उठवावं लागलं. ओळखीचे म्हणतात नसा गेल्या, आता काही होणार नाही. खरंच तसं आहे का? लक्षणं परत येतात का, आणि त्यासाठी नेमकं काय करायचं? (सिडको, नाशिक)

उत्तर:

बहुतेकांची परत येतात. त्यासाठी वेगळी गोळी नाही. निदान तीन आठवडे, शक्य झाल्यास तीन महिने, शुगर ७० च्या खाली जाऊच द्यायची नाही. दिवसा नाही आणि रात्रीही नाही. ऐकायला सोपं वाटलं तरी करायला चिकाटी लागते, कारण मध्येच एखादी रात्र ५० ला गेली तर कमावलेलं बरंचसं हातचं जातं.

आधी नसांचं बघू. जुन्या डायबेटिसमध्ये नसांवर परिणाम होतो हे खरं आहे, पण लक्षणं जाण्याचं मुख्य कारण सहसा ते नसतं. कारण असतं वारंवार शुगर कमी होणं. १९९१ साली अमेरिकेत सायमन हेलर आणि फिलिप क्रायर यांनी डायबेटिस नसलेल्या धडधाकट लोकांची शुगर इन्सुलिन देऊन एका दुपारी काही वेळ खाली ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा खाली नेली, तर शरीराची प्रतिक्रिया मंदावलेली होती आणि त्या लोकांना लक्षणंही कमी जाणवली. त्यांच्या नसा एका रात्रीत खराब झाल्या नव्हत्या. एकदा शुगर कमी झाली एवढंच पुरेसं ठरलं. तुमच्या मिस्टरांच्या बाबतीत हे बहुधा काही वर्षं, आठवड्यातून कितीतरी वेळा होत आलंय, आणि त्यातलं बरंचसं झोपेत झालं असणार.

आत काय घडतं ते समजलं की पुढचं सगळं सोपं जाईल. शुगर खाली येऊ लागली की शरीर तीन गोष्टी करतं. स्वतःचं इन्सुलिन थांबवतं, ग्लुकॅगॉन सोडून लिव्हरमधली साखर बाहेर काढतं आणि ॲड्रेनॅलिन सोडतं. टाइप १ मध्ये पहिली गोष्ट शक्यच नाही, कारण टोचलेलं इन्सुलिन मागे घेता येत नाही. दुसरीही आजाराच्या पहिल्या काही वर्षांतच बंद पडते. उरतं ते ॲड्रेनॅलिन. घाम, थरथर, धडधड आणि अचानक लागलेली भूक हा सगळा या तातडीच्या प्रतिक्रियेचाच आवाज आहे. तो साधारण ६५ ते ५५ च्या दरम्यान ऐकू यायला हवा. मेंदूचं काम ढेपाळायला लागतं ते त्याच्याही खाली, ५० च्या आसपास. म्हणजे आधी सूचना आणि मग गडबड असा क्रम असतो, आणि मधल्या वेळात माणूस साखर खाऊन घेतो.

वारंवार शुगर कमी झाली की मेंदूला खालच्या आकड्याची सवय होते आणि सूचनेची पातळी खाली सरकते. ती ४५ वर आली की क्रम उलटा होतो. गोंधळ आधी सुरू होतो आणि सूचना मागाहून येते, किंवा येतच नाही. म्हणून "मला काही होत नाहीये" हे ४५ ला ते खोटं बोलत नाहीत. त्यांना खरंच काही जाणवत नाही, आणि जो मेंदू हे ठरवतोय त्यालाच त्या क्षणी साखर पुरत नाहीये. घरच्यांनी साखर पुढे केली की चिडणं, ग्लास ढकलणं हेही त्यातलंच. त्यावर नंतर भांडू नका. शुगर नॉर्मल असताना शांतपणे आधीच ठरवून ठेवा की अशा वेळी तुम्ही सांगाल ते ते ऐकतील आणि ग्लास रिकामा करतील.

ही पातळी वरही सरकते. ज्यांची शुगर महिनोन्‌महिने ३०० असते त्यांना उपचार सुरू केल्यावर ११० लाच घाम फुटतो, "शुगर कमी झाली" असं वाटतं. हे रुग्ण आम्ही रोज बघतो. पातळी सरकती आहे याचा यापेक्षा सरळ पुरावा नाही, आणि तुमच्या मिस्टरांच्या बाबतीत याच गुणाचा उपयोग करून घ्यायचा आहे. १९९३ आणि १९९४ मध्ये इटलीतलं पेरुजा, लंडन आणि अमेरिकेतलं सेंट लुईस इथल्या गटांनी हे एकेक करून दाखवलं. शुगर कमी होणं काटेकोरपणे टाळलं की लक्षणं परतायला लागतात, पुष्कळांत दोन-तीन आठवड्यांतच.

आता हे प्रत्यक्षात कसं करतात ते एका रुग्णाच्या उदाहरणावरून सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.

दिंडोरी भागातले द्राक्ष बागायतदार, वय ३८, वजन ६४ किलो, शाळेत असल्यापासून टाइप १. ग्लार्जिन रात्री २२ युनिट. रॅपिड सकाळी ८, दुपारी ९, रात्री ९. एचबीए१सी ६.३. या आकड्याबद्दल त्यांना सगळीकडे शाबासकी मिळत होती, आणि मला चिंता वाटली ती त्याच आकड्याची. एचबीए१सी ही गेल्या दोन-तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी आहे. रोज काही तास ५० आणि काही तास २०० असली तरी सरासरी देखणी येते.

त्यांना माझ्याकडे आणलं पत्नीने. ऑक्टोबर छाटणी चालू होती. हा माणूस काडीवरचे डोळे मोजून कात्री चालवणारा, मजुरांना ओरडणारा. त्या दिवशी तो एका ओळीत न मोजताच काड्या कापत सुटला. मजुराच्या लक्षात आलं, त्याने हाक मारली, तर उत्तरात एकच शब्द तीन-चारदा आला. मीटरवर ४७. घाम नाही, थरथर नाही.

मी त्यांना एकच प्रश्न विचारला, जो आम्ही अशा प्रत्येकाला विचारतो. शुगर कमी होते तेव्हा तुम्हाला ते कळतं का, १ म्हणजे नेहमी कळतं आणि ७ म्हणजे कधीच कळत नाही, तर तुमचा आकडा कोणता? ४ किंवा जास्त असेल तर सूचनेची यंत्रणा बिघडली असं धरतो. त्यांनी २ सांगितला. पत्नीने ६. अशा वेळी मी घरच्यांचा आकडा धरतो. तुम्हीही हा प्रश्न दोघांनी वेगवेगळ्या कागदावर लिहून बघा.

मग शुगर सतत मोजणारा दोन आठवड्यांचा सेन्सर दंडावर लावला. ७० च्या खाली १४ टक्के वेळ निघाला. तो ४ टक्क्यांच्या आत हवा. ५४ च्या खाली ५ टक्के होता, तो १ टक्क्याच्या आत हवा. सर्वात मोठा खड्डा होता पहाटे २ ते ५ मध्ये, जेव्हा मीटर कोणीच लावत नाही. काही सकाळी उपाशीपोटी २१० यायचे आणि ते पाहून आदल्या डॉक्टरांनी ग्लार्जिन वाढवलं होतं. पण त्या सकाळींचा इतिहास विचारल्यावर कळलं की त्या पहाटे ते अर्धवट जागे होऊन हाताला लागेल ते गोड खात होते. २१० कमी इन्सुलिनमुळे नव्हती, जास्त इन्सुलिनमुळे झालेल्या हायपोनंतरच्या, म्हणजे शुगर फार खाली गेल्यानंतरच्या, खाण्याने होती.

आम्ही ग्लार्जिन २२ वरून १८ केलं. रात्रीच्या जेवणाचं रॅपिड ९ वरून ७. चार-पाच दिवसांनी पहाटे ३ ची शुगर अजून ८४ येत होती म्हणून ग्लार्जिन १७. छाटणीच्या दिवशी दुपारचं रॅपिड ९ ऐवजी ६, कारण दिवसभर वाकून, हात वर करून केलेल्या कामाने स्नायू रात्री उशिरापर्यंत साखर ओढत राहतात. जेवणाआधीचं लक्ष्य ९० वरून उचलून ११० ते १५० ठेवलं, झोपताना १४० च्या पुढे, पहाटे ३ ला १०० च्या खाली नाही. एका जेवणाच्या डोसनंतर चार तासांच्या आत "शुगर जरा जास्त दिसतेय" म्हणून वरचा डोस घ्यायचा नाही. पहिलं इन्सुलिन अजून काम करत असतं, दोन्ही एकावर एक चढतात आणि दोन-तीन तासांनी खड्डा पडतो. ही सवय मोडायला त्यांना सगळ्यात जड गेलं.

हे डोस त्यांचे आहेत, तुमचे नाहीत. पण पहिलं पाऊल बहुतेकांचं असंच असतं. रात्रीच्या इन्सुलिनमध्ये १० ते २० टक्के कपात, आणि ज्या वेळी शुगर खाली जाते त्याच्या आधीच्या डोसमध्ये कपात. नेमके आकडे तुमच्या डॉक्टरांनी याच आठवड्यात ठरवायला हवेत. पुढच्या महिन्याच्या तारखेची वाट बघू नका.

पोटावरचं त्वचेखालचं कडक झालेलं सूज-चरबीचं गाठोडं डॉक्टरांना हाताने चाचपून बघायला सांगा. २१ वर्षं टोचून ते पुष्कळांत असतं. त्यातून इन्सुलिन कधी शोषलं जातं, कधी नाही. पण एक सावधगिरी हवी. गाठ सोडून चांगल्या जागी टोचायला सुरुवात केली की तोच डोस जास्त लागू पडतो आणि शुगर धाडकन खाली येते. जागा बदलताना डोसही कमी करावा लागतो. सोबत क्रिएटिनिन बघून घ्या. किडनी मंदावली की इन्सुलिन शरीरात जास्त रेंगाळतं.

त्या तीन आठवड्यांत आणखी एक काम करायचं असतं आणि ते मला औषधाइतकंच महत्त्वाचं वाटतं. मीटर लावायच्या आधी अंदाज लिहायचा. वहीत तीन रकाने: आत्ता काय वाटतंय, माझ्या अंदाजे शुगर किती, आणि मीटर काय म्हणतो. कारण लक्षणं परतताना जुन्याच रूपात परततील असं नाही. आमच्या बागायतदारांना थरथर कधीच पूर्वीसारखी आली नाही. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी वहीत लिहिलं, "ओठांच्या कडेला मुंग्या, जांभई, अंदाज ७५." मीटरवर ६६. ७० च्या वर थांबवायचं ठरवूनही असा एखादा घसरतोच. पण त्यांना तो कळला, हे इतक्या वर्षांत पहिल्यांदा घडलं होतं. पुढच्या काही नोंदींत ओठांच्या मुंग्या पुन्हा पुन्हा दिसल्या, तेव्हा आम्ही ठरवलं की ही त्यांची नवी सूचना. मुंग्या आल्या की कात्री खाली, मीटर हातात. कोणाला नजर अडखळते, कोणी अचानक हळवं होतं, कोणाला मोबाइलवरचं वाक्य दोनदा वाचावं लागतं. जिभेवरचा शब्द न सापडणं ही थोडी उशिराची खूण आहे, तिच्यावर विसंबून राहू नका.

तीन महिन्यांनी त्यांचा एचबीए१सी ७.० आला. ते थोडे नाराज झाले. मी नाही झालो, कारण ५४ च्या खालचा वेळ जवळपास शून्यावर आला होता. त्यानंतर पहाटेचे आकडे बघत ग्लार्जिन एकेक युनिटने परत थोडं वर नेलं. लक्षणं परतल्यावर शुगर हळूहळू पुन्हा घट्ट करता येते. कायम २०० वर ठेवायची गरज नसते, आणि "साखर वाढवून ठेवा" म्हणजे २५०-३०० वर राहा असा अर्थ तर मुळीच नाही. ब्रिटनमध्ये ९६ टाइप १ रुग्णांवरच्या २४ आठवड्यांच्या चाचणीत, तिचे निष्कर्ष २०१४ मध्ये आले, लक्षणं सुधारली, गंभीर हायपो कमी झाले आणि एचबीए१सी बिघडला नाही. त्यात इन्सुलिन पंपवाले आणि इंजेक्शनवाले दोघांनाही सारखाच फायदा झाला. पंप परवडत नाही म्हणून हे जमणार नाही, असं समजू नका.

मर्यादाही सांगायला हव्यात. ग्लुकॅगॉनची प्रतिक्रिया टाइप १ मध्ये परत येत नाही. ॲड्रेनॅलिन पूर्ण पूर्वीसारखं होतंच असं नाही, पण जाणीव त्याच्यापेक्षा बरी परतते. फार जुन्या आजारात, नसांवर खरोखरच परिणाम झाला असेल तर सुधारणा अर्धी राहू शकते. मिस्टर ब्लडप्रेशरसाठी मेटोप्रोलॉल किंवा प्रोप्रॅनोलॉलसारखी गोळी घेत असतील तर डॉक्टरांना सांगा. या गोळ्या थरथर आणि धडधड झाकतात, घाम मात्र झाकत नाहीत. म्हणून अशा माणसाने घामाकडे लक्ष ठेवायचं.

तुमच्या घरात दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पहिली शिफ्ट. नाइटहून आल्यावर दिवसा झोप आणि ग्लार्जिनची वेळ पुढेमागे, यात खड्डे पडतात. ग्लार्जिनची वेळ घड्याळाला बांधा, शिफ्टला नाही. जी वेळ तिन्ही शिफ्टमध्ये जागेपणी सापडते ती एक निवडा. झोप दिवसा असेल तर "पहाटे ३ ची तपासणी" म्हणजे झोपेच्या मध्यावरची तपासणी, दुपारी १ ला असली तरी चालेल. दुसरी गोष्ट गाडी. लक्षणं परतेपर्यंत त्यांनी टू-व्हीलर चालवू नये असं माझं स्पष्ट मत आहे. कंपनीची बस असेल तर ती घ्यावी, मशीनवर असतील तर सुपरवायझरला सांगावं. नंतर चालवायला लागतील तेव्हाही किल्ली लावण्याआधी मीटर, आणि ९० च्या खाली असेल तर आधी खाणं.

सेन्सर लावणार असाल तर दुकानात विचारून घ्या की तो स्वतःहून वाजतो का. काही सेन्सर मोबाइल टेकवून स्कॅन केल्यावरच आकडा दाखवतात, झोपेत त्यांचा उपयोग नाही. वाजणारा असेल तर अलार्म ७० वर न ठेवता ८० वर ठेवा, कारण सेन्सर रक्ताच्या काही मिनिटं मागे असतो. त्या दंडावर झोपलं तर दाबामुळे खोटा कमी आकडा येतो, तेव्हा बोट टोचून खात्री करा. सेन्सर नसेल तर पहिले तीन आठवडे झोपेच्या मध्यावरचा गजर लावाच. कंटाळवाणं आहे, पण अशा रुग्णांत चोर बहुतेक वेळा त्याच वेळी येतो.

७० च्या खाली आकडा दिसला की लक्षण असो-नसो, तीन चमचे ग्लुकोज पावडर किंवा साखर पाण्यात घालून प्यायची, म्हणजे साधारण १५ ग्रॅम. १५ मिनिटांनी पुन्हा मीटर, अजून कमी असेल तर पुन्हा तेवढंच. पेढा, चॉकलेट, शेंगदाण्याची चिक्की यात फॅट असतं, त्यामुळे साखर हळू चढते. वर आल्यावर जेवणाला तास असेल तर एक पोळी किंवा चार बिस्किटं. मिस्टर व्होग्लिबोज किंवा अकार्बोज घेत असतील तर साखरेने लवकर चढणार नाही, ग्लुकोज पावडरच लागेल. पुडी त्यांच्या डब्यात, गाडीच्या डिकीत आणि उशाशी ठेवा. श्रावणी सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी, वणीला पायी जाणं, उपवास, लग्नातलं एखाददुसरं पेय यांनंतरच्या रात्री इन्सुलिन आधीच कमी करून घ्यायचं आणि मध्येच उठून मीटर लावायचं. दारू लिव्हरला साखर सोडू देत नाही, म्हणून त्या रात्रीचा हायपो सहजासहजी वर येत नाही.

पुन्हा कधी उठवता उठले नाहीत, गिळता येत नसेल, तर तोंडात काहीही घालू नका, साखरपाणीही नाही. श्वासनलिकेत जातं. कुशीवर वळवा, घरात ग्लुकॅगॉनचं इंजेक्शन असेल तर द्या आणि १०८ ला फोन करा. डॉक्टरांकडून हे इंजेक्शन लिहून घ्या आणि नाशिकमध्ये कुठल्या मेडिकलला मिळेल ते आधीच विचारून ठेवा, सगळीकडे नसतं. शुद्धीवर आल्यावर त्यांना खायला द्या, पुढचे काही तास दर तासाला मीटर लावा आणि त्या रात्रीचं ग्लार्जिन किती घ्यायचं हे डॉक्टरांना फोन करून विचारा. एका गंभीर हायपोनंतर सूचनेची पातळी काही दिवस आणखी खाली असते, म्हणून दुसरा झटका त्याच आठवड्यात येण्याची शक्यता जास्त असते. तीन आठवड्यांची मोजणी त्या दिवसापासून पुन्हा सुरू करा.